गिझर लावला की ब्रेकर पडतो: कॉइलमधून अर्थला जाणारी वीज मेगरने कशी तपासायची

पावसाळाभर बंद असलेला गिझर थंडी पडायला लागली की पुन्हा सुरू होतो, आणि बऱ्याच घरांत त्याच आठवड्यात ब्रेकर पडायला लागतो. मग जो येतो तो अंदाजाने बोलतो. कुणी म्हणतं कॉइल गेली, कुणी म्हणतं ब्रेकरच हलका झालाय, कुणी थर्मोस्टॅट बदलून देतं. पैसे जातात आणि चार दिवसांनी ब्रेकर पुन्हा पडतो. खरं तर दोष नेमका कुठे आहे हे अर्ध्या तासात मोजून कळू शकतं. त्यासाठी इन्सुलेशन रेझिस्टन्स टेस्टर, म्हणजे आपण ज्याला सरसकट मेगर म्हणतो तो, हातात हवा. शिवाय माप कोणत्या अवस्थेत घ्यायचं हे माहीत हवं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण चुकीच्या अवस्थेत मेगर लावला तर खराब कॉइलसुद्धा ठणठणीत दिसते.

हा लेख साठवणीच्या साध्या गिझरसाठी आहे: १५ किंवा २५ लिटरचा, २००० वॅटचा, आत थर्मोस्टॅट आणि पाणी जास्त तापलं की वीज तोडणारा थर्मल कटआउट असलेला. डिजिटल डिस्प्ले किंवा वायफाय असलेल्या गिझरबद्दल पुढे वेगळी सूचना आहे, ती वाचल्याशिवाय मेगर लावू नका. गिझर वॉरंटीत असेल तर झाकण उघडण्याआधी कार्डवरच्या अटी बघा. प्लगपासून घ्यायचं माप मात्र झाकण न उघडताच होतं.

वीज गळते म्हणजे नेमकं काय होतं

कॉइल म्हणजे तांब्याची किंवा इन्कोलॉयची वाकवलेली नळी. तिच्या मधोमध नायक्रोमची गुंडाळलेली तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड घट्ट दाबून भरलेली असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. बाहेरची नळी गिझरच्या टाकीला आणि तिथून अर्थच्या वायरला जोडलेली असते.

ही पूड कोरडी आहे तोवर सगळं ठीक. पण तिला ओल फार लवकर धरते. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचा थर चढतो. त्या थराखाली नळीला पाण्याचा गारवा मिळत नाही, ती जास्त तापते आणि कालांतराने तिला बारीक तडा जातो किंवा गंजून खळगा पडतो. पाणी आत शिरतं, पूड ओली होते आणि तारेतली थोडी वीज पुडीतून नळीत, नळीतून अर्थमध्ये जायला लागते. दुसरी वाट टोकांकडून आहे. जिथे टर्मिनल बाहेर येतात तिथलं सील जुनं झालं असेल तर दमट हवेत नुसती ओल आत शिरते, तडा नसतानाही. बाहेरून ही दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. पहिल्यात कॉइल बदलावीच लागते, दुसऱ्यात कधीकधी वाचते.

१. आधी कोणता ब्रेकर पडतोय ते बघा

वितरण पेटीत दोन प्रकारचे ब्रेकर असतात. एमसीबी जास्त प्रवाहाने पडतो. आरसीसीबी (जुन्या लोकांच्या तोंडी ईएलसीबी) फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज यांत फरक पडला की पडतो. आरसीसीबीवर तपासणीचं एक छोटं बटण असतं, त्यावर टी लिहिलेलं असतं. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलीअँपिअरचा असतो, आणि नियमाप्रमाणे तो १५ ते ३० मिलीअँपिअरच्या मध्ये कुठेही पडू शकतो.

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर घेतो. त्याचा १६ अँपिअरचा एमसीबी पडत असेल तर शॉर्ट, ढिल्या स्क्रूमुळे तापलेली जोडणी किंवा थकलेला एमसीबी यांपैकी काहीतरी असतं. ते काम वेगळं आहे. आरसीसीबी पडत असेल तरच पुढचं सगळं लागू होतं. काही पेट्यांत दोन्ही कामं करणारा एकच आरसीबीओ असतो. तिथे खटका बघून फरक कळत नाही, तो मापनातूनच कळतो.

पडण्याची वेळही नीट बघून लिहून ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग होतो. बटण दाबताक्षणी पडतो की दहा मिनिटांनी पाणी तापल्यावर? आणि एक विचित्र वाटणारी तक्रार असते: गिझरचं बटण बंद आहे, तरी मिक्सर किंवा इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो. ही तक्रार खरी असते. आपल्याकडे बहुतेक घरांत गिझरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कॉइलच्या न्यूट्रलकडच्या टोकाला तार नळीला जवळजवळ टेकली असेल, तर इस्त्रीचा परतीचा थोडा प्रवाह न्यूट्रलऐवजी गिझरमार्गे अर्थला जातो आणि आरसीसीबीला फरक दिसतो. अशा वेळी प्लग उपसून बघा. उपसल्यावर पडणं थांबलं तर दोष गिझरमध्येच आहे.

२. काय काय लागेल

- ५०० व्होल्ट डीसीचा इन्सुलेशन टेस्टर. हँडल फिरवायचा चालेल, डिजिटल असेल तर ५०० व्होल्टवर ठेवा. १००० व्होल्ट या कामाला नको.
- ओहम मोजणारा मल्टिमीटर
- मेगरच्या वायरींना मगरचिमटे, म्हणजे हात मोकळे राहतात
- निऑन टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, फ्लँजच्या, म्हणजे कॉइल ज्या तबकडीवर बसते तिच्या, नटांना बसणारा पाना
- कोरडं स्टूल, रबरी सपाता, टॉर्च, कोरडं फडकं
- मोबाइल, जोडण्यांचे फोटो काढायला

फक्त मल्टिमीटरवर भागत नाही. तो ओहम मोजताना जेमतेम काही व्होल्ट लावतो आणि थोडीशी ओल धरलेली पूड तेवढ्या दाबाला दाद देत नाही. शिवाय ओल्या तड्यात दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आल्यामुळे तिथे स्वतःचंच थोडं व्होल्टेज तयार होतं. ते मल्टिमीटरच्या मापात मिसळतं, आणि वायरी उलट केल्या की आकडा बदलतो. असं दिसलं तर ओल आत आहे एवढं नक्की समजा, पण त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

३. वीज पूर्ण तोडा, फक्त बटण बंद करून थांबू नका

गिझर १६ अँपिअरच्या प्लगवर असेल तर प्लग बाहेर काढा आणि डोळ्यांसमोर ठेवा. फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही सुटले.

प्लग नसून वायर थेट भिंतीतल्या बॉक्समध्ये गेली असेल तर पेटीतला मेन बंद करा, खटक्यावर चिकटपट्टी लावा, घरातल्यांना सांगून ठेवा. टेस्टरने आणि मल्टिमीटरने दोन्हींनी वीज नाही याची खात्री करा, आणि मगच गिझरच्या तिन्ही वायरी सोडवा. न्यूट्रल सोडवणं इथे अत्यावश्यक आहे. न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे तो लागलेला ठेवून मेगर फिरवला तर काटा शून्यावर जातो आणि चांगली कॉइल खराब ठरते. पक्क्या वायरिंगला हात लावायची सवय नसेल तर एवढा भाग परवानाधारक तारतंत्रीकडून करून घ्या.

टाकीतलं पाणी मात्र काढू नका. हा पहिला मोठा सापळा आहे. कॉइल हवेत कोरडी झाली की तड्यातलं पाणीही सुकतं आणि माप सुधारतं. दोष शोधायचा असेल तर कॉइल पाण्यातच बुडालेली हवी.

४. मेगर आधी स्वतः तपासा

दोन्ही चिमटे वेगळे धरून मेगर चालवा: काटा अनंतावर जायला हवा. चिमटे एकमेकांना लावून चालवा: शून्य दिसायला हवं. दुसरी तपासणी बरेच जण गाळतात. मेगरची एक वायर आतून तुटलेली असेल तर प्रत्येक मापात अनंतच दिसेल आणि सगळं उत्तम आहे असं वाटेल.

मेगर चालू असताना चिमट्यांना हात लावू नका. प्रवाह अगदी कमी असतो, पण ५०० व्होल्टचा झटका स्टुलावर उभ्या माणसाला खाली पाडायला पुरतो. माप झाल्यावर चिमटे काढण्याआधी काही क्षण थांबा.

डिजिटल डिस्प्ले, वायफाय किंवा इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेल्या गिझरला प्लगपासून मेगर लावू नका. कार्डवर अर्थला जोडलेले भाग असतील तर माप खोटं येईल, आणि ५०० व्होल्टने कार्ड जाऊही शकतं. तिथे झाकण उघडून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा आणि थेट कॉइलच मोजा.

५. प्लगपासूनची तीन मापं, याच क्रमाने

गिझरच्या अंगावर बटण असेल तर ते चालू ठेवा, थर्मोस्टॅट सर्वांत वरच्या तापमानावर फिरवा.

पहिलं माप मल्टिमीटरने, प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये. २००० वॅटला २६ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा (२३० चा वर्ग भागिले २०००). त्याच्याशी जुळता आकडा आला म्हणजे प्लगपासून कॉइलपर्यंतची वाट पूर्ण आहे. मीटरवर OL आलं तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट कुठेतरी उघडा आहे, किंवा कॉइलची तार तुटलेली आहे. कटआउट अनेक गिझरमध्ये दोन्ही वायरी तोडतो. तो पडलेला असताना प्लगवर मेगर लावला तर कॉइल मोजलीच जात नाही, आणि जी मोजलीच नाही ती चांगली ठरते. अशा वेळी थेट आठव्या पायरीवर जा. उलट आकडा २६ पेक्षा बराच कमी आला तर कॉइलचे काही वेढे एकमेकांना लागलेत किंवा वायरी कुठे शॉर्ट आहेत. आरसीबीओवाल्यांना उत्तर इथे मिळतं.

दुसरं माप पुन्हा मल्टिमीटरने, प्लगची अर्थ पिन आणि गिझरचा उघडा धातू यांमध्ये. पाण्याच्या जोडणीचं पितळी तोंड किंवा रंग नसलेला स्क्रू चालेल, रंगावर टेकवू नका. एक ओहमच्या आत आकडा हवा. प्लगच्या आत अर्थची वायर सुटलेली असेल तर मेगर कितीही फिरवा, अनंतच दाखवणार. आणि हा गिझर वापरायला सगळ्यांत धोकादायक आहे हेही इथेच कळतं.

तिसरं माप मेगरचं. फेज आणि न्यूट्रल पिना एका वायरने एकत्र जोडा. मेगरचा एक चिमटा या जोडीला आणि दुसरा अर्थ पिनला. जोडायचं कारण असं की एकट्या फेजवर लावला आणि थर्मोस्टॅट उघडा असला तर माप कॉइलपर्यंत पोचत नाही. दोन्ही जोडल्यावर न्यूट्रलच्या बाजूने पोचतं. शिवाय आतल्या दिव्यावर ५०० व्होल्ट पडत नाहीत, कारण त्याची दोन्ही टोकं एकाच पातळीवर येतात. एक मिनिट मेगर चालवा. हँडलचा असेल तर वेग एकसारखा ठेवा, काटा स्थिर झाल्यावरच वाचा.

६. आकडा कसा वाचायचा

नव्या, कोरड्या कॉइलचं माप शेकडो मेगाओहममध्ये येतं. चालत्या, पाण्यातल्या गिझरचं काही मेगाओहम आलं तरी काळजी नाही. वायरिंगसाठी एक मेगाओहमची खालची मर्यादा धरतात, मी गिझरलाही तीच धरतो. एकच्या खाली आलं की संशय घ्यायचा, ०.१ च्या खाली आलं की दोष नक्की समजायचा.

हे अंक आरसीसीबीशी जोडून बघितले की नीट कळतात. ०.४ मेगाओहम म्हणजे चार लाख ओहम. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ०.६ मिलीअँपिअर गळते. एवढ्यावर आरसीसीबी पडत नाही. पंधरा मिलीअँपिअर गळायला माप साधारण १५,००० ओहमपर्यंत, म्हणजे ०.०१५ मेगाओहमपर्यंत खाली यावं लागतं. म्हणून ‘माप ०.४ आलं आणि ब्रेकर पडतो’ असं दिसलं तर दोन शक्यता उरतात: गिझर तापल्यावर माप आणखी कोसळतं, किंवा ब्रेकर दुसऱ्याच कशामुळे पडतोय.

इथे एक मर्यादाही आहे. मेगर संपूर्ण कॉइलला ५०० व्होल्ट लावतो. पण प्रत्यक्ष वापरात कॉइलच्या फेजकडच्या टोकाला २३० व्होल्ट असतात आणि न्यूट्रलकडे जाता जाता ते शून्याकडे उतरतात. तडा न्यूट्रलजवळ असेल तर माप वाईट येऊनही प्रत्यक्ष गळती कमी असू शकते. ब्रेकर पडत नाही म्हणून अशी कॉइल चालू ठेवू नये. तडा वाढतच जातो.

७. गार असताना चांगला, तापल्यावर खराब: एक उदाहरण

आमच्या इमारतीतल्या एका घरातला १५ लिटरचा गिझर. पाणी बोअरचं. तक्रार अशी की बटण दाबलं की व्यवस्थित चालतो, दहाएक मिनिटांनी आरसीसीबी पडतो. लगेच पुन्हा वर केला तर लगेच पडतो, रात्री लावला तर पुन्हा दहा मिनिटं चालतो. आधी आलेल्याने आरसीसीबी बदलून पाहिला होता.

पाणी गार असताना प्लगपासून मोजलं. फेज ते न्यूट्रल २६.९ ओहम. अर्थ पिन ते पितळी तोंड ०.३ ओहम. म्हणजे वाट पूर्ण, अर्थही नीट. मेगरवर ०.४ मेगाओहम. संशयास्पद, पण वर बघितलं तसं ब्रेकर पडण्याइतकं नाही.

मग प्लग लावून गिझर चालू केला आणि आरसीसीबी पडायची वाट बघितली. पडल्याबरोबर प्लग उपसून तेच माप पुन्हा घेतलं: ०.०१ मेगाओहम. दहा हजार ओहम म्हणजे २३० व्होल्टला २३ मिलीअँपिअरपर्यंत गळती. शिवाय घरातला फ्रिज, संगणक, इन्व्हर्टर अशी उपकरणं प्रत्येकी थोडीथोडी गळती कायम देत असतात, ती वेगळीच. आरसीसीबी पडणारच. तापल्यावर नळी प्रसरण पावते, तडा उघडतो, पाणी आत सरकतं, आणि गरम पूड गारपेक्षा वीज जास्त सोडते.

म्हणून नियम असा: तक्रार ‘थोड्या वेळाने पडतो’ अशी असेल तर माप गार आणि गरम अशा दोन्ही वेळी घ्या, आणि गरम माप ब्रेकर पडल्यापासून मिनिटाभरात घ्या. या वेळी स्नानगृहात कुणीही नळाला हात लावायचा नाही.

८. झाकण उघडून एकेक भाग सुटा करा

प्लगपासून माप वाईट आलं एवढ्याने कॉइल दोषी ठरत नाही. केबल, थर्मोस्टॅट, कटआउट, टर्मिनलवरची वायर वितळून गिझरच्या अंगाला टेकणं, फ्लँजमधून थेंब थेंब गळून टर्मिनलवर साचलेलं पाणी, यांतलं काहीही असू शकतं.

प्लग बाहेर आहे हे पुन्हा बघा. खालचं झाकण काढा, जोडण्यांचा फोटो घ्या. आधी नुसतं टॉर्चने बघा. टर्मिनलभोवती ओल किंवा क्षाराची पांढरी-हिरवी बुरशी असेल तर फडक्याने पुसून, वाळवून आधी तिथेच पुन्हा मोजा. फ्लँजचं गॅस्केट गळत असेल तर खरा दोष तो, कॉइल निर्दोषही निघू शकते.

मग कॉइलच्या दोन्ही टर्मिनलवरच्या वायरी सोडवा आणि कशालाही टेकणार नाहीत अशा धरून ठेवा. आता दोन मापं: सोडवलेल्या वायरी (प्लगवर फेज-न्यूट्रल जोडलेलेच) ते अर्थ, आणि कॉइलचं टर्मिनल ते फ्लँजचा धातू. कॉइलची तार तुटलेली असेल तर दोन्ही टर्मिनल वेगवेगळी मोजा, कारण तुटलेल्या तारेचा एक तुकडा ठीक आणि दुसरा नळीला टेकलेला असू शकतो.

वरच्या उदाहरणात गरम असतानाच हे केलं. वायरिंग आणि थर्मोस्टॅट मिळून २०० मेगाओहमच्या वर, एकटी कॉइल ०.०१. आता शंकेला जागा नव्हती.

वायरींच्या बाजूला माप वाईट आलं तर थर्मोस्टॅट सुटा करा, पुन्हा मोजा, मग कटआउट, मग केबल. जो सुटा केल्यावर माप वर उडी मारतं तो दोषी.

९. तडा आहे की नुसती ओल

नुसत्या मेगरच्या काट्यावरून हा फरक नक्की सांगता येत नाही. खात्री करायची असेल तर कॉइल बाहेर काढावी लागते: पाण्याचा कॉक बंद, टाकी रिकामी (गरम पाणी आधी निवू द्या), नट सोडवून फ्लँजसकट कॉइल खाली.

वरच्या उदाहरणातली कॉइल तांब्याची होती. पिवळट थर बोटाने दाबला की पापुद्रे पडत होते. वळणापाशी थराखाली नखाएवढा हिरवा डाग निघाला, आणि डाग पुसल्यावर केसाएवढी काळी रेघ. कॉइल दिवसभर उन्हात ठेवल्यावर माप २० मेगाओहमवर गेलं. इथेच अनेक जण फसतात आणि तीच कॉइल पुन्हा बसवतात. बादलीत साधं पाणी घेऊन कॉइल बुडवली, टर्मिनल आणि फ्लँज पाण्याबाहेर ठेवले. तासाभरात माप पुन्हा ०.५ च्या खाली. तडा सिद्ध झाला.

बादलीत ठेवूनही माप टिकलं तर ओल टर्मिनलच्या सीलमधून आली होती. अशी कॉइल चांगली वाळवून पुन्हा वापरता येते, पण सील भेगाळलेलं असेल तर पुढच्या पावसाळ्यात हेच होईल. कॉइलची किंमत आणि फ्लँज पुन्हा उघडायचा त्रास बघता मी तिथेही नवीच टाकतो.

१०. काय करायचं नाही

‘अर्थची वायर काढली की पडायचं थांबतं’ हा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला गिझरला हात लावू देऊ नका. पूर्वी लोखंडी पाइप असायचे, गळणारी थोडी वीज त्यांतून तरी जमिनीत जायची. आता सीपीव्हीसी आणि पीपीआरचे प्लॅस्टिकचे पाइप आहेत. अर्थ काढली की गळणारी वीज टाकीच्या धातूवर आणि पाण्यात अडकून राहते, आरसीसीबीला काहीच दिसत नाही, आणि ओल्या अंगाने नळाला हात लावणारा माणूस हाच तिचा जमिनीकडे जायचा पहिला रस्ता होतो. आरसीसीबीला बगल देऊन गिझर थेट जोडणं किंवा त्याच्या जागी १०० मिलीअँपिअरचा बसवणं हाही त्याच जातीचा उपाय आहे.

११. नवी कॉइल बसवताना

वॅट, फ्लँजचा आकार आणि भोकांची जागा जुन्याशी जुळवून घ्या, शक्यतो जुनी कॉइल दुकानात घेऊन जा. बसवण्याआधी कोरडी मोजा. दुकानात वर्षभर पडलेली कॉइल ओल धरलेली असू शकते, आणि ते काउंटरवरच कळलेलं बरं. गॅस्केट नवं टाका. टाकी उघडी आहे तोवर मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड बघा. तो झिजून आतली सळई दिसत असेल तर तोही बदला. टाकीच्या तळाचा क्षार हाताने काढून टाका. नट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा, एकच बाजू घट्ट केली की गॅस्केट गळतं.

मग गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरा. नळातून हवा न येता सलग धार येईपर्यंत वीज लावू नका, कारण कोरडी कॉइल मिनिटभरात जळते. फ्लँज पाच-दहा मिनिटं कोरड्या फडक्याने तपासा. वायरी फोटो बघून जोडा, टर्मिनल घट्ट करा, आणि पाचव्या पायरीतली तिन्ही मापं पुन्हा घ्या. पाणी तापून थर्मोस्टॅटने वीज तोडेपर्यंत गिझर चालवा आणि प्लग काढून गरम असतानाच शेवटचं माप घ्या. उदाहरणातल्या गिझरला हे माप ५० मेगाओहमच्या वर आलं. तारीख आणि हा आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी मोजताना तुलनेला काहीतरी असेल.

सगळी मापं चांगली, गरम असतानाही चांगली, आणि तरीही गिझर लावल्यावर आरसीसीबी पडत असेल तर गिझर सोडा आणि भिंतीकडे वळा. त्या सॉकेटला दुसरं एखादं अर्थ असलेलं मोठं उपकरण, जसं इस्त्री, लावून बघा. तेही पाडत असेल तर सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी टेकलेत, किंवा गिझरचा न्यूट्रल आरसीसीबीच्या बाहेरच्या पट्टीवर जोडलेला आहे. पेटीत अलीकडे काही काम झालं असेल तर ही दुसरी चूक सगळ्यात आधी शोधावी.